तेच नाणं पुन्हा उडव

*मॅडम, मी हापूसवर पीएचडी करतोय, चौथं वर्ष आहे. समुद्री शेवाळाचा अर्क फवारला तर फळगळ कमी होते का, हा विषय. झाडांच्या बारा जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीत एका झाडावर अर्क, दुसऱ्यावर नुसतं पाणी. काढणीपर्यंत टिकलेली फळं मोजली तर पी ०.११ आला. गाईड म्हणाले, ‘डाटा अजून जरा बघ, काहीतरी निघेल.’ मग वाटाणा अवस्था बघितली, गोटी बघितली, अंडी बघितली, फळाचं वजन, साका, टिकवण, सगळं बघितलं. शेवटी एक जोडी वगळून अंडी अवस्थेत ०.०३ मिळाला. आठवी चाचणी होती ती. फेलोशिप पुढच्या जूनमध्ये संपते. मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. मग यात चूक काय? आणि असेलच, तर या मोसमात आणखी चार जोड्या घेऊन बघू का?*

*— रत्नागिरीजवळचा एक विद्यार्थी*

तू एकही आकडा खोटा लिहिला नाहीस यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मीही लिहिला नव्हता. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ज्यांनी दिलं ते सर आता नाहीत, आणि त्यांनी ते जवळजवळ न बोलताच दिलं होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मालवणच्या उत्तरेला एका खाडीत मी तिसऱ्यांवर, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांवर, काम करत होते. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची तक्रार होती की पूर्वी पाटी भरायची तिथे आता टोपलीही भरत नाही. माझी कल्पना अशी की जुन्या शिंपल्यांचा चुरा चिखलावर पसरला, तर पाण्यातून आलेल्या बारीक पिल्लांना धरायला जागा मिळेल आणि ती तिथे जास्त संख्येने रुजतील. खाडीच्या काठाने मी वाफ्यांच्या दहा जोड्या आखल्या. प्रत्येक जोडीतले दोन वाफे शेजारी शेजारी, एकाच पातळीवर. कुठल्या वाफ्यात चुरा टाकायचा ते मी ठरवलं नाही, नाण्याने ठरवलं. सर स्वतः चिखलात उभे होते. त्यांनी खिशातून रुपया काढला. छापा पडला तर उत्तरेकडचा वाफा, काटा पडला तर दक्षिणेकडचा. दहा वेळा उडवलं आणि मी वहीत लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी उधाणाच्या सुकतीला मोजणी केली. २५ सेंटीमीटर बाजूची लोखंडी चौकट चिखलात दाबायची, आतला चिखल बोटभर खोल काढायचा, चाळणीत घालून खाडीच्याच पाण्यात हलवायचा. खाली उरतात ती तांदळाच्या कणीएवढी पिल्लं. ती एकेक मोजायची. कंबर धरायची, नखांत चिखल आठवडाभर राहायचा.

दहा जोड्यांतला फरक, म्हणजे चुरा टाकलेल्या वाफ्यातली पिल्लं वजा साध्या वाफ्यातली, असा आला: ९, −४, ६, १२, −७, ३, ८, −५, १०, −२. हे आकडे मला अजून पाठ आहेत. सरासरी ३. कॅल्क्युलेटरवर प्रमाण त्रुटी काढली, ती आली २.२. सरासरीला तिने भागलं की टी, तो झाला १.३६. दहा जोड्यांसाठी पानसे-सुखात्म्यांच्या पुस्तकामागच्या तक्त्यात ५ टक्क्यांची किंमत २.२६२. कुठे १.३६ आणि कुठे २.२६२! आजच्या सॉफ्टवेअरने पी, म्हणजे परिणाम नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.२१ म्हणून दाखवला असता. माझ्या तक्त्यात त्या ओळीपुढे ‘एन.एस.’, म्हणजे नॉट सिग्निफिकंट, लिहायचं होतं. शेतकी आणि मत्स्य शाखेच्या प्रबंधांत ही दोन अक्षरं लिहिताना हात कसा जड होतो, ते तुला सांगायला नको.

मग मी वही घेऊन बसले. पाचवी जोडी, −७ वाली, जेट्टीजवळ होती. तिथे होड्या ओढतात, चिखल ढवळला जातो. कारण खरं होतं. ती जोडी काढली, टी झाला १.९३. तक्त्यातली किंमत २.३०६, अजून कमीच. आठवी जोडी, −५ वाली, ओहोळाच्या तोंडाशी होती. तिथे गोडं पाणी उतरतं, पिल्लं टिकत नाहीत. हेही कारण खरं. तीही काढली. टी २.५७, तक्त्यात २.३६५. सिग्निफिकंट! मी खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, इतका आनंद झाला होता.

एवढंच केलं होतं असंही नाही. त्याआधी वर्गमूळ घेऊन बघितलं होतं, लॉग घेऊन बघितलं होतं. फक्त ५ मिलिमीटरच्या खालची पिल्लं, फक्त वरची. फक्त खालच्या पातळीवरचे वाफे. क्रमांकांवर चालणारी चाचणीही लावली होती. सगळे धरून ११ प्रकार झाले होते. पण ते मला तेव्हा आठवतच नव्हते. जमलं नाही ते आपण केलंच नव्हतं, असं मन धरून चालतं.

सरांनी माझा तक्ता बघितला. खूप वेळ बघितला. मग त्यांनी एकच विचारलं, “चौथी जोडी कुठे होती?”

चौथी जोडी पाचवीच्या शेजारीच. जेट्टीच्या अलीकडे, तितक्याच अंतरावर. तिचा फरक होता १२, सगळ्यांत मोठा. ती मी काढली नव्हती. काढावी असं मनातही आलं नव्हतं, कारण ती मला नडत नव्हती. आणि आठवीच्या बाजूला, ओहोळाच्या दुसऱ्या काठाला, सातवी होती. तिचा फरक ८. तीही जागच्या जागी होती.

तिथल्या तिथे मी हिशोब मांडला. जेट्टीजवळच्या दोन्ही जोड्या काढल्या, ओहोळाच्या दोन्ही जोड्या काढल्या. उरल्या सहा. टी १.५६, तक्त्यातली किंमत २.५७१. म्हणजे जो नियम मी लावला होता तोच दोन्ही बाजूंनी लावला तर सिग्निफिकंट नाहीसं झालं. तुझ्या वगळलेल्या जोडीबद्दल मला हेच विचारायचं आहे. ती का काढलीस त्याचं कारण तू एका वाक्यात लिही, आणि ते वाक्य बाकीच्या ११ जोड्यांवर एकेक करून ठेवून बघ. ते आणखी कुठे लागू पडतं? शक्य असेल तर हे काम अशा मित्राला दे, ज्याला कुठल्या झाडावर अर्क होता हे माहीत नाही. त्याने तीच जोडी काढली तर कारणात दम आहे.

मी म्हटलं, “सर, मग जोड्या काढतच नाही. पण लहान पिल्लांचा आकडा बघा ना, तिथेही जवळपास येतंय.” सर काही बोलले नाहीत. खिशातून रुपया काढून त्यांनी माझ्या वहीवर ठेवला. म्हणाले, “तेच नाणं पुन्हा उडव. दहा वेळा. आणि मग जे जे केलंस ते सगळं कर.”

मला कळलं नाही. त्यांनी समजावलंही नाही, चहा घ्यायला निघून गेले. रात्री खोलीवर बसून मी नाणं उडवायला लागले आणि मग हळूहळू उलगडलं.

बघ, कुठल्या वाफ्यात चुरा जाणार ते नाण्याने ठरलं होतं. चुऱ्याने काहीच घडत नसेल, तर पहिल्या जोडीच्या दोन वाफ्यांत जेवढी पिल्लं होती तेवढीच राहिली असती, नाणं कसंही पडो. फक्त कुठल्याला ‘चुरा’ म्हणायचं आणि कुठल्याला ‘साधा’, एवढं बदललं असतं. म्हणजे ९ चा −९ झाला असता, बस्स. दहा जोड्या, प्रत्येकीला दोन शक्यता, एकूण १०२४ मांडण्या. खाडीत प्रत्यक्षात घडली ती त्यांतली एक. मी खोलीवर पुन्हा नाणं उडवून चिन्हं बदलली की जी मांडणी तयार होते, तीत चुऱ्याचा परिणाम असूच शकत नाही, कारण तिथला ‘चुरा’ हे नुसतं नाव आहे, मी पलंगावर बसून दिलेलं. आणि आकडे मात्र खरे, माझ्याच खाडीतले, माझ्याच चाळणीतले.

मी २० वेळा तशी मांडणी केली. प्रत्येक वेळी सगळे ११ प्रकार केले. वर्गमूळ, लॉग, लहान पिल्लं, मोठी पिल्लं, आणि त्या त्या वेळी नडणाऱ्या दोन जोड्या काढणंसुद्धा. आणि गंमत नाही सांगत, काढायला कारण दर वेळी सापडलं. एक जोडी खेकड्यांच्या बिळांजवळ होती, एकीत मोजताना पाऊस आला होता, एकीची चौकट मी दोनदा दाबली होती. दहाही जोड्यांचं काहीतरी होतंच, कारण खाडी आहे ती, प्रयोगशाळेतली काचपेटी नव्हे. आठवडा लागला. वीसपैकी सहा वेळा मला कुठे ना कुठे ‘सिग्निफिकंट’ मिळालं. जिथे परिणाम नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तिथे.

५ टक्क्यांची रेघ म्हणजे काय कबूल करते? परिणाम नसेल तर वीसात एकदाच फसवणूक होईल. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली हीच वीसात एक सोयीची मर्यादा म्हणून सुचवली आणि शेतीच्या प्रयोगांतून ती जगभर गेली. पण ती कबुली एका चाचणीपुरती आहे, आकडे बघण्याआधी ठरवलेल्या एका चाचणीपुरती. माझ्या हातात वीसात एकाचे वीसात सहा झाले होते आणि मी एकही आकडा बदलला नव्हता. चाचण्या एकमेकींशी अजिबात संबंध नसलेल्या असत्या, तर अकरांपैकी निदान एक तरी अशीच लागण्याची शक्यता ४३ टक्के आली असती. त्या एकाच चिखलातून आलेल्या म्हणून थोडी कमी. तुझ्या आठ चाचण्यांसाठी तोच हिशोब ३४ टक्के येतो, आणि तुझ्याही चाचण्या एकाच झाडांच्या आहेत, तेव्हा त्याहून जरा कमी धर. तरी ५ नव्हे.

सरांनी रुपयावर जे दाखवलं ते पुढे मोठ्या पातळीवर मांडलं गेलं. २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या तिघांनी मानसशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. संशोधक ज्या सवलती सहज घेतात, दोनपैकी बरा तो निष्कर्ष घेणं, जमलं नाही तर आणखी माणसं घेणं, एखादा गट गाळणं, अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर खोट्या निष्कर्षांचं प्रमाण ५ वरून सुमारे ६१ टक्क्यांवर जातं, असं त्यांनी संगणकावर दाखवलं. आणि खऱ्या विद्यार्थ्यांवर खरा प्रयोग करून त्यांनी हेही ‘सिद्ध’ केलं की एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं! आकडा त्यातला एकही खोटा नव्हता. चूक काय, हे तू विचारलंस ना? चूक आकड्यांत नाही. आठ वेळा खडा मारलास, एक आंबा पडला, आणि प्रबंधात तू एकच खडा मारल्याचं लिहिणार आहेस. वाचणाऱ्याला तो नेम वाटेल.

हे तू स्वतः करून बघावंस असं मला फार वाटतं. तुझ्या हातात आज संगणक आहे, आठवडा लागणार नाही. अर्क कुठल्या झाडाला जाणार हे तूही चिठ्ठ्या टाकून किंवा नाण्याने ठरवलं असशील, तर हे जसंच्या तसं लागू होतं. `d` मध्ये एका ओळीत एक जोडी आणि एका स्तंभात एक मोजमाप, असे अर्क वजा पाणी फरक ठेव आणि आर मध्ये हे चालव:

```r
p_min <- replicate(2000, {
  s <- sample(c(-1, 1), nrow(d), replace = TRUE)
  min(apply(d * s, 2, function(x) t.test(x)$p.value))
})
mean(p_min < 0.05)
```

शेवटची ओळ सांगते की परिणाम शून्य असताना तुझ्या चाचण्यांतून निदान एक सिग्निफिकंट किती वेळा निघाली असती. `s` एका जोडीला एकदाच पडतं आणि सगळ्या स्तंभांना तेच लागतं, म्हणून चाचण्यांतलं आपसातलं नातं यात आपोआप धरलं जातं. जोडी वगळून बघण्याची सवलत यात धरलेली नाही, तेव्हा खरं प्रमाण येईल त्याहून थोडं वरच असणार. आणि `mean(p_min <= 0.03)` करून बघ. तुझ्या ०.०३ ची खरी किंमत जवळपास तीच. चाचण्यांची संख्या मोजून ०.०५ ला आठाने भागण्याची जुनी रीतही आहे. तीत रेघ ०.००६ वर येते आणि तुझा ०.०३ तिच्या जवळपासही जात नाही. चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतील तर ती रीत जरा कडक पडते, म्हणून मला नाण्याची बरी वाटते. पण दोन्हींना एकच अट, सगळ्या चाचण्या मोजायच्या. विसरलेल्यासुद्धा.

आता आणखी चार जोड्यांचं. घेण्याला ना नाही, पण का आणि कशा घेतोस ते महत्त्वाचं. आधीच्या बारांत चार मिळवायच्या, पी बघायचा, खाली नाही आला तर आणखी चार, आला की थांबायचं, हा तोच खेळ आहे. पी मोसमागणिक वर-खाली हलत असतो, आणि तू तो खाली असतानाच थांबणार. परिणाम शून्य असतानाही वाटेत पाच वेळा डोकावून बघितलं तर फसवणुकीचं प्रमाण ५ चं सुमारे १४ टक्के होतं, दहा वेळा डोकावलं तर १९. किती जोड्या, हे आधी ठरव. आणि कुठला प्रश्न, हेही.

इथे मला माझ्या सरांची दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण नाण्यानंतर मी रडवेली होऊन ‘मग तीन वर्षं पाण्यात गेली’ म्हणाले होते. त्यांनी वही ओढून घेतली आणि ‘एन.एस.’ वर रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘३, −२ ते ८’. चौकटीमागे सरासरी ३ पिल्लं जास्त, पण माझ्या आकड्यांत २ कमीपासून ८ जास्तपर्यंत काहीही बसतं. एन.एस. म्हटलं की वाचणारा ‘चुऱ्याने काही होत नाही’ असं घेतो. ते मला कुठे कळलं होतं? मला एवढंच कळलं होतं की दहा जोड्यांत ते ठरत नाही. मग त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं की जोड्या एवढ्या हलत असताना, ३ चा फरक खरोखर असेल तर तो पाचात चार वेळा तरी पकडायला किती जोड्या लागतील. उत्तर आलं पंचेचाळीसच्या आसपास. माझ्याकडे होत्या दहा. हा आकडा माझ्या प्रबंधात आहे, आणि माझ्यानंतर त्या खाडीत आलेल्या मुलीने सुरुवातीलाच तो वापरला.

तू हेच कर. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये मुख्य मोजमाप म्हणून काढणीपर्यंत टिकलेली फळं लिहिली असणार, कारण तू पत्रात तेच आधी सांगितलंस. ०.११ सोडून दे, त्याच्या जागी फरक आणि त्याची दोन टोकं लिही: झाडामागे किती फळं जास्त, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. बाकीची सहा मोजमापं त्याच तक्त्यात खाली, सगळीच्या सगळी, लागलेली आणि न लागलेली. वगळलेल्या जोडीसकट आणि तिच्याशिवाय, दोन्ही. आणि अंडी अवस्थेबद्दल सरळ लिही की हे शोधता शोधता दिसलं, आधी विचारलेलं नव्हतं, पुढच्या मोसमात तपासावं लागेल.

तुझ्याकडे एक मोसम आहे, ही मोठी गोष्ट आहे. मोहोर यायच्या आधी नव्या जोड्या निवड, जुन्या बारांत न मिसळता. किती ते या वर्षीच्या फरकांवरून काढ, चारच का ते कुणी विचारलं तर तुला सांगता आलं पाहिजे. अंडी अवस्था हाच एक प्रश्न ठेवायचा असेल तर ठेव, पण माझं मत विचारशील तर ठेवू नकोस. अर्काने फळं अंड्याएवढी होईपर्यंत धरून ठेवली आणि पुढे झाडाला न पेलल्याने ती गळलीच, तर बागायतदाराच्या पेटीत काय पडलं? तो फवारणीचे पैसे पेटीवर मोजतो. अंडी अवस्थेत फरक आणि काढणीला जवळपास नाही, हे जर पुन्हा दिसलं, तर तो स्वतंत्र आणि चांगला प्रश्न आहे, की मधल्या महिन्यात झाडावर काय घडतं. पण तो आत्ताच्या ०.०३ मधून सुटत नाही.

माझ्या खाडीत एक बाई होत्या, मोजणीला यायच्या, माझ्यापेक्षा चारपट वेगाने पिल्लं वेचायच्या. प्रबंध लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “चुरो घातलो तर तिसरे वाढतले काय गो?” मी म्हटलं, अजून माहीत नाही. त्या नुसत्या मान हलवून टोपली उचलून गेल्या. त्या वर्षी माझ्या टेबलावर २.५७ वाला तक्ताही तयार होता. मी तो दिला असता तर त्यांनी आणि त्यांच्या जावांनी सुकतीच्या वेळी, म्हणजे तिसऱ्या काढायच्याच वेळी, डोक्यावरून शिंपल्यांच्या चुऱ्याच्या पाट्या वाहिल्या असत्या. तो तक्ता मी अजून जपून ठेवलाय, सरांच्या रेघेसकट.

गाईडना घाबरू नकोस. ‘डाटा अजून बघ’ म्हणणारे सगळेच काही लबाडी सांगत नसतात. बऱ्याच जणांना स्वतः कधी नाणं उडवून बघायला मिळालेलं नसतं. वाद घालू नकोस, चूक दाखवू नकोस. एका कागदावर आठही चाचण्या तारखांसह लिही, कुठली आधी ठरलेली होती तिच्यापुढे खूण कर, खाली तुझ्या संगणकाने दिलेलं ते प्रमाण लिही आणि पुढच्या मोसमाच्या जोड्यांची संख्या. पुढच्या भेटीत तो कागद आधी समोर ठेव, तक्ता नंतर.